एक-पाच म्हणजे किती?

...आणि वर म्हणतात, तुमचं काय, तुम्ही तर घरबसल्या बोलायचेच पैसे घेता! अहो, बोलायचे कुठले? दुसऱ्याचं बोलायचे! माझं स्वतःचं एक वाक्य बोलायची सोय नाही त्या फोनवर. तुम्हाला सांगते, दुभाष्याचं काम म्हणजे, डॉक्टर म्हणाला "माझ्या मते पित्ताशय काढावं लागेल", की मीही म्हणायचं, "माझ्या मते पित्ताशय काढावं लागेल." माझ्या मते! मला शिवणकाम येतं फक्त. आणि पलीकडचा पेशंट म्हणाला "मला भीती वाटते", की मी त्या डॉक्टरला म्हणायचं, "मला भीती वाटते." दिवसभर मी कोणाची तरी 'मी' असते. माझं मला काही विचारायचं असेल, तर स्वतःबद्दल परक्यासारखं बोलायचं, "दुभाषी विचारते आहे की..." म्हणजे त्या फोनवर सगळे 'मी', आणि मी तेवढी 'ती'. असू दे. मी आपली मधली.

नावं सांगणार नाही हं कोणाची, नियम आहे. गाव-पत्ता तर मुळीच नाही. पण झालं ते सांगते, कारण मनातून जात नाहीये.

आमच्या घरात जिन्याखाली कोटांची खोली आहे. खोली कसली, कपाटच. तिथे बसते मी हेडफोन लावून, कारण कोट लटकलेले असले की आवाज घुमत नाही. पुढे एक स्टूल, त्यावर वही, पाण्याचा पेला. त्या दिवशी सकाळी फोन वाजला, बँक. मला बँकेचे फोन नकोच असतात. दवाखाना बरा, पोट दुखतं तर पोट दुखतं, दोन्ही भाषांत पोट एकच. पण बँक म्हटली की आकडे आले, आणि आकडे आले की आमचे लाख-कोटी आले, आणि ते इथल्या माणसाला लाख-कोटीत सांगून चालत नाही, त्याला मिलियन लागतं. एक लाख म्हणजे त्यांचे शंभर हजार. दहा लाख म्हणजे एक मिलियन. एक कोटी म्हणजे दहा मिलियन. हे काय, कोणीही पाठ करेल. पण आपला माणूस "एक कोटी" असं सरळ बोलतो का कधी? तो म्हणतो "सव्वा". तो म्हणतो "पाऊण". कशाचा पाऊण, ते तो सांगत नाही, ते समोरच्याने ओळखायचं. भाजीवाल्यापाशी पाऊण म्हटलं की किलो, आणि घराच्या गप्पांत पाऊण म्हटलं की कोटी. आपल्याला कळतंच ना? कळतं. पण का कळतं, हे कोणाला सांगायची वेळ आली की घाम फुटतो.

तर बँकेतल्या बाई लाइनवर. आवाजाने बऱ्या वाटल्या, थकलेल्या, सर्दी झालेल्या. म्हणाल्या, समोर एक वयस्कर गृहस्थ बसलेत, सोबत त्यांची भाची आहे, आणि त्यांच्या खात्यात परदेशातून आलेले पैसे आम्ही अडवून ठेवलेत, कारण त्यांनी सांगितलेला हिशेब जुळत नाही. त्यांनी घर विकलं म्हणे दीड मिलियन रुपयांना. आणि आलेत साडेसात मिलियन. विकलं त्याच्या पाचपट पैसे कसे येतात, एवढंच त्यांना विचारा.

मी विचारलं. पलीकडून आवाज आला, खणखणीत, पंचाहत्तरीचा असेल माणूस, "अहो, मी यांना किती वेळा सांगू? घर एक-पाचला गेलं. एक-पाचला! त्यातले एजंटनं एक-पाच घेतले. पाऊण इकडे पाठवले. उरले एकोणतीसला पाच कमी, ते तिकडेच ठेवले. झाला की हिशेब. ह्यात न जुळण्यासारखं काय आहे?"

तुम्ही हसताय. तुम्हाला कळला हिशेब. मलाही कळला, आणि खरं सांगू का, कळल्याबरोबर माझ्या छातीत काहीतरी हललं. एकोणतीसला पाच कमी! किती वर्षांनी ऐकलं मी हे. आमचे हे असे बोलायचे. यांना जाऊन आता बराच काळ झाला. संध्याकाळी चालायला गेलो की इथल्या घरांवरच्या पाट्या बघून मनात हिशेब करायचे, "हे बघ, आपल्याकडच्या भावात पावणेतीन पडलं," आणि मी म्हणायची, "स्वयंपाकघर अंधारं आहे, अडीचच्या वर एक पैसा देऊ नका," जणू काही दुसऱ्या दिवशी घ्यायचंच होतं. खिशात दमडी नव्हती हो. पण ती चैन होती आमची, तोंडी घरं घ्यायची. आता माझा मुलगा, चांगला आहे, पण "पावणेतीन" म्हटलं की विचारतो, "आई, टू पॉइंट सेव्हन फाइव्ह ना? लाख का कोटी?" आणि मग फोन काढून भागाकार करतो. भागाकार झाल्यावर त्या घरात काही राम राहतो का?

पण तिथे मला छातीत हलवून घ्यायला वेळ नव्हता. मी आपली मधली. माझं तोंड म्हणत होतं, "मी घर एक-पाचला विकलं..." आणि थांबलं. कारण इंग्रजीत 'एक-पाच' म्हणजे काय म्हणू? वन फाइव्ह म्हटलं तर पंधरा ऐकू येतं. वन पॉइंट फाइव्ह म्हटलं तर दीड. आणि आपल्यात दीडला कोणी एक-पाच म्हणतं का? दीडला दीड असा सोन्यासारखा शब्द असताना? एक-पाच म्हणजे एक कोटी पाच लाख, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण दुभाष्यानं दिसलेलं सांगायचं नसतं, ऐकलेलं सांगायचं असतं. म्हणून मी म्हटलं, "दुभाषी खुलासा मागते आहे," आणि काकांना विचारलं की एक-पाच म्हणजे नेमके किती.

काका म्हणाले, "एक-पाच म्हणजे एक-पाच. तुम्ही मराठीच ना?"

घ्या! आता हेही मला इंग्रजीत सांगायला लागलं. "एक-पाच म्हणजे एक-पाच. तुम्ही मराठीच ना?" बँकेतल्या बाई म्हणाल्या, "नाही, मी नाही."

मी काकांना सांगितलं, त्या नाहीत. काका म्हणाले, मी त्यांना कुठे विचारलं. मी तेही सांगितलं. अशी बरीच गंमत झाली. शेवटी मी म्हटलं, पूर्ण आकडा बोला, लाख-कोटी लावून, चेकवर अक्षरी लिहितो तसा. मग काका घसा साफ करून म्हणाले, "एक कोटी, पाच लाख, फक्त." मी म्हटलं, "दहा पूर्णांक पाच मिलियन."

बाईंनी लिहून घेतलं. मग बाई म्हणाल्या, "आणि एजंटने किती घेतले?" मी काकांना विचारलं, ते म्हणाले, "सांगितलं ना, एक-पाच." बाईंनी एवढं तर आता शिकून घेतलं होतं, त्या स्वतःच म्हणाल्या, "एक-पाच? म्हणजे साडेदहा मिलियन? एजंटने सगळेच घेतले?"

अहो, एक टक्का! एक कोटी पाच लाखांचा एक टक्का, एक लाख पाच हजार. घरही एक-पाच आणि दलालीही एक-पाच. एका वाक्यात शेजारी शेजारी दोन एक-पाच, एक कोटीतलं, एक लाखातलं, आणि दोन्हीचे कोटी-लाख माणसाने गिळून टाकलेले. मी पुन्हा खुलासा मागितला, काकांनी पुन्हा उसासा सोडला, आणि मी म्हटलं, "एकशे पाच हजार." मग पाऊणची पाळी. मी आधी नुसतं "तीन चतुर्थांश पाठवले" म्हणून गेले होते, आणि बाई बिचाऱ्या साडेदहा मिलियनचे तीन चतुर्थांश काढत बसल्या होत्या. तो पाऊण कोटी. पंचाहत्तर लाख. साडेसात मिलियन. "अच्छा," बाई म्हणाल्या, "म्हणजे आले ते बरोबर आले." आणि उरलेल्याचं मी म्हटलं, "एकोणतीसला पाच कमी," तर बाई म्हणाल्या, "चोवीस ना?" आता एकोणतीस लाखांतून पाच हजार वजा करायचे, पाच लाख नाहीत, हे त्या माउलीला कुठून कळावं? अठ्ठावीस लाख पंचाण्णव हजार. त्यांचे दोन पूर्णांक आठशे पंचाण्णव मिलियन. मी वहीत बेरीज मांडली, पाऊण कोटी, अधिक अठ्ठावीस पंचाण्णव, अधिक दलाली, बरोबर एक-पाच. एक पैसा इकडे-तिकडे नाही. मला वाटलं सुटलो.

कुठलं सुटतो. बाई म्हणाल्या, मग तो दीड मिलियनचा आकडा आमच्या नोंदीत आला कुठून?

आणि पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. भाची. पन्नाशीची बाई, पण जन्म इथलाच. मागच्या वेळी दुभाषी नको, मी आहे ना, म्हणून तीच मामांबरोबर आली होती. तिचं मराठी कसं, तर 'जेवलास का' आणि 'दार लाव' एवढं पक्कं. ती इंग्रजीतच म्हणाली, "मामा, तू एक-पाच म्हणालास, म्हणून मी वन पॉइंट फाइव्ह सांगितलं. मिलियन मी लावलं, कारण नुसतं दीड रुपयाला कोण घर विकेल?"

काका म्हणाले, "दीड मिलियन म्हणजे किती गं?"

मलाच विचारल्यासारखं झालं, मी म्हटलं, "पंधरा लाख."

"पंधरा लाखाला मी घर विकलं म्हणून सांगितलंस?" काकांचा आवाज एकदम उतरला. रागावले नाहीत, तेच वाईट. "अगं, पंधरा लाखात आमची गच्चीवरची टाकीसुद्धा देणार नाही कोणी. लाखाचे बारा हजार केलेस माझे."

सांगितलं मी. काय करणार, जे बोललं ते सांगायचं. बाईंनी लगेच टाइप केल्याचा आवाज, आणि विचारलं, "हे अठ्ठ्याऐंशी हजारांचं नुकसान कधी झालं?" मी म्हटलं, दुभाषी सांगते आहे की ती बोलण्याची पद्धत आहे, नुकसान झालेलं नाही. बाई म्हणाल्या, मग पैसे गेले नाहीत? मी म्हटलं, नाहीत. त्या म्हणाल्या, बरं, खोडते.

आणि मग निघाला विक्रीचा कागद. बाईंनी समोर धरला असावा, म्हणाल्या, पण ह्यावर तर स्वल्पविराम चुकलेले आहेत, हा कागद खरा कशावरून? मला दिसत नव्हता कागद, पण कशाबद्दल बोलतायत ते डोळ्यांसमोर आलं. एक, मग स्वल्पविराम, शून्य पाच, स्वल्पविराम, शून्य शून्य, स्वल्पविराम, आणि तीन शून्यं. आपण उजवीकडून पहिल्यांदा तीन आकडे तोडतो, हजारापर्यंत, आणि मग दोन-दोन तोडत जातो, कारण हजारानंतर आपलं दर दोन घरांनी नवीन नाव येतं, लाख, कोटी, अब्ज. त्यांचं तीन-तीनांनी येतं, हजार, मिलियन, बिलियन. बाईंनी आपल्या सवयीने डावीकडून वाचलं, एक, पाच, आणि पुढे सगळा गोंधळ. मी परवानगी मागितली, दुभाषीला थोडं समजावू द्या. आणि म्हटलं, बाई, स्वल्पविराम बघूच नका. ते सगळे पुसले असं समजा. नुसते आकडे मोजा.

मोजताना त्यांचा आवाज ऐकू येत होता, नाकातून, सर्दीतला. आठ आले. मग म्हटलं, आता तुमच्या पद्धतीने मागून तीन-तीन तोडा. त्यांनी तोडले. मग हळूच म्हणाल्या, "साडेदहा मिलियन. हे तर आधीपासून इथेच लिहिलेलं होतं."

होतं ना. सगळं कागदावर होतंच. पण नियम काय गमतीचा, खात्री त्यांना कागदाची हवी आणि तोंडचीही हवी, आणि दोन्ही जुळायला हवीत. आता जुळली. फक्त एकच राहिलं, त्या म्हणाल्या, फॉर्मवर एक प्रश्न आहे, तेवढं विचारा, की बाजारभाव ह्याहून जास्त होता का, आणि असेल तर कमी का घेतलं?

काका म्हणाले, "होता. एक-दहा द्यायला तयार होता एक जण." मग स्वतःच थांबून, शिकल्यासारखं, "म्हणजे एक कोटी दहा लाख. लिहा नीट."

मी सांगितलं, अकरा मिलियन.

"पण तो म्हणाला, दोन महिने थांबा, माझं कर्ज मंजूर होऊ द्या." काका बोलत होते, आणि मी मागोमाग बोलत होते, त्यांच्यासारखंच, 'मी मी' करत. "इथे माझी अक्का राहते. थोरली, हिची आई. मला कडेवर घेऊन फिरायची, ती आता भिंतीला धरून चालते. तिच्या शेजारचं घर विकायला निघालं, एका भिंतीचं. पलीकडून ठोकलं तर अलीकडे ऐकू येईल असं. बायको गेली, तिचं आजारपण माझ्या पुतणीनं काढलं, तिला ते एकोणतीसला पाच कमी देऊन आलोय. आता मला दुसरं काही नकोय. पाच लाखांसाठी दोन महिने थांबायचं? अक्काकडे किती महिने आहेत, ते कुणी सांगितलंय मला?"

तुम्हाला सांगते, मला आकडा सापडेना. पाच लाख. पाचशे हजार. अर्धा मिलियन. रोजचा आकडा, झोपेत सांगेन. पण "पाच लाखांसाठी" म्हणताना काकांच्या तोंडात तो जेवढा क्षुल्लक झाला होता ना, तेवढा क्षुल्लक तो अर्ध्या मिलियनमध्ये होईना. अर्धा मिलियन म्हटलं की भलं मोठं काहीतरी वाटतं. पाचशे हजार म्हटलं की शून्यंच शून्यं. पाच लाख म्हणजे कसं, पाच. एका हाताची बोटं. ती झटकून माणूस विमानात बसला. मी शेवटी म्हटलं पाचशे हजार, दुसरं काय म्हणणार, आणि माझा आवाज फाटला. दुभाष्याचा आवाज फाटलेला चालत नाही. मी पाणी प्यायले आणि बाईंना म्हटलं, दुभाषी पाणी पीत होती, क्षमा असावी.

मग टाइप केल्याचे आवाज, बराच वेळ, आणि मग म्हणाल्या, "त्यांना सांगा, मी पैसे सोडतेय. शुक्रवारी घराच्या मालकाला मिळतील. आणि त्यांना सांगा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी फॉर्मवर 'कौटुंबिक कारण' असं लिहिलंय."

सांगितलं. काका म्हणाले, बरोबर आहे, तेच आहे. भाची रडत होती बहुतेक, किंवा तिलाही सर्दी असेल. काका तिला म्हणत होते, "असू दे गं, शिकवीन मी तुला. सव्वा, दीड, पावणेदोन. भिंतीपलीकडेच तर आहे आता." हे माझ्यासाठी नव्हतं, पण मी बाईंना सांगितलं. ऐकलेलं सगळं सांगायचं असतं.

आणि मग काका म्हणाले, "त्या फोनवरच्या ताई आहेत ना, त्यांना विचारा, तुम्ही कुठल्या? एकोणतीसला पाच कमी म्हटलं तर एका दमात कळलं त्यांना."

आता सांगा, हे मी कोणाला विचारू? मला विचारलेला प्रश्न मीच इंग्रजीत बँकेतल्या बाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, "खरं म्हणजे दुभाष्यांना स्वतःबद्दल बोलायची परवानगी नसते ना?" नसते. म्हणून मी काकांना म्हटलं, "दुभाषीला सांगता येत नाही." ते म्हणाले, "बरं, बरं. नियम असेल. पण असतील कुठेतरी जवळच्याच." मी ते इंग्रजीत सांगितलं, बाई म्हणाल्या धन्यवाद, आणि फोन बंद. मी आपली मधली. कोटांमध्ये बसले होते, कोणाचा तरी मफलर नाकाशी येत होता.

घरी कोणाला सांगू? मुलाला सांगितलं असतं तर म्हणाला असता, आई, एकूण किती झाले मग? आणि झालेत किती, ते सांगून काय उपयोग. मला त्या माणसाबरोबर एकदा चालायला जायचं होतं हो, एवढंच. रस्त्यानं, घरांच्या पाट्या बघत. तो म्हणणार सव्वातीन, मी म्हणणार छे, अडीचच्या वर जाऊ नका, बाथरूम जुनं आहे.

आणि गंमत ऐका, पत्ता मला माहीत आहे. घराचा पत्ता बाईंनी पडताळून घेतला ना माझ्याकडूनच. बसने गेलं तर एकदाच बस बदलायची. पण जायचं नाही. फोनवर भेटलेल्या माणसाला शोधत गेलं की काम सुटतं. नियम आहे, आणि बरोबर नियम आहे, मी त्याच्याविरुद्ध नाही.

म्हणून मी आता एवढंच मागते, की त्या काकांना एखादी अडचण यावी. नको, तसं नको, आजारबिजार काही नको, चांगलं राहू दे दोघांना, ठोकू दे भिंत. अगदी लहानशी अडचण. नळ गळावा. नळ गळला की प्लंबर येईल, प्लंबर काय म्हणतो ते कळणार नाही, भाचीवर तर आता कोणी भरवसा ठेवणार नाही, मग दुभाष्याला फोन लावतील... आणि तो, तुम्हाला सांगते, हमखास दुसऱ्याच कोणाला लागेल. आम्ही इथे मराठीवाल्या दोघी आहोत, आणि त्या दुसरीचं नशीब आधीपासूनच चांगलं आहे.